सर्व्हिस अपार्टमेंट सोडताना डिपॉझिटवरून झालेली वादावादी

बिल्डरने पझेशन पुढे ढकललं, जुन्या फ्लॅटची मुदत संपलेली, म्हणून आम्ही बाणेरला एक सर्व्हिस अपार्टमेंट घेतलं. शोधणं, आधार कार्ड देणं, सामान लावणं सगळं एका दुपारी झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. राग आहे तो सोडतानाच्या हिशोबाचा.

दर असे होते. रोजच्या हिशोबाने एका रात्रीचे 2,800. महिना घेतला तर 54,000, म्हणजे रात्रीला 1,800. त्यांचा महिना म्हणजे 30 रात्री, कॅलेंडरचा महिना नाही, हे आधीच विचारून घ्या कारण 31 चा महिना आला की ती एक रात्र वेगळी लागते. डिपॉझिट 25,000. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं, 30 रात्रींच्या आत सोडलं तर सगळ्या रात्रींना रोजचा दर. ठीक आहे, मान्य. आम्ही 30 पूर्ण केल्या.

मग पझेशन अजून लांबलं आणि पुढे 12 रात्री हव्या होत्या. रिसेप्शनवरच्या मुलाला मेसेज टाकला, ‘आधीच्याच दराने ना? 1,800 अधिक जीएसटी?’ तो म्हणाला हो मॅडम. 21,600 आणि 5 टक्के जीएसटी मिळून 22,680 आगाऊ भरले, बिलही घेतलं.

चेकआउटच्या दिवशी मॅनेजरने कागद पुढे केला, डिपॉझिटमधून परत मिळणार 12,400. मी म्हटलं बाकीचे? तर म्हणे दुसरा महिना तुम्ही पूर्ण केला नाही, त्यामुळे या 12 रात्रींना 2,800 लागणार, सिस्टीमच तसं घेते. म्हणजे 33,600 अधिक जीएसटी, 35,280, त्यातून भरलेले वजा जाता 12,600 कापले. अहो पण दुसरा महिना घेतला कोणी होता? आम्ही 12 रात्रीच मागितल्या होत्या. मेसेज दाखवला तर म्हणाले, ‘व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे अ‍ॅग्रीमेंट नाही मॅडम, त्या मुलाला अधिकार नाही.’ मुलगी सोफ्यावर बॅगांवर डोकं टेकून झोपलेली, नवरा खाली टेम्पोवाल्याशी बोलतोय आणि मी काउंटरवर उभी.

सुटका झाली ती त्या बिलामुळे. मेसेज नाकारता येतो, पण तुमच्याच जीएसटी नंबरचं टॅक्स इन्व्हॉइस, त्यावर 12 रात्री गुणिले 1,800 छापलेलं, ते कसं नाकारणार? मी सरळ सांगितलं, दर वाढवायचा असेल तर त्या इन्व्हॉइसवर डेबिट नोट काढा, कारण लिहा, सही-शिक्का द्या, मग बघते. हे ऐकल्यावर अकाउंट्सला फोन गेला, बराच वेळ हळू आवाजात बोलणं झालं आणि ‘धिस टाइम अ‍ॅडजस्ट करतो’ म्हणाले. जणू उपकारच! त्यामुळे मुदत वाढवताना पैसे भरा पण लगेच बिल मागा, आणि त्यावर रात्री किती, दर किती हे वेगवेगळं हवं, नुसतं ‘एक्स्टेन्शन चार्जेस’ लिहिलेलं चालवून घेऊ नका.

जीएसटीचं राहिलं. त्यांच्या छापील फॉर्मवर अजून 12 टक्के होते. 22 सप्टेंबर 2025 पासून खोलीचा दर दिवसाला 7,500 पर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर 18. आणि हा दर एका दिवसाच्या भाड्यावर बघायचा, महिन्याचे 54,000 एकत्र धरून 18 टक्के लावायचं नाही, माझ्या मैत्रिणीला एकाने तसंच सांगितलं होतं. शिवाय माणशी महिना 20,000 पर्यंत आणि सलग किमान 90 दिवस राहणार असाल तर जीएसटी लागतच नाही, पीजी-हॉस्टेलवाल्यांना याचा उपयोग. ऑफिसकडून पैसे घ्यायचे असतील तर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर पहिल्याच बिलावर टाकून घ्या, नंतर बदलायला फार नखरे करतात.

तरी 25,000 पूर्ण आले नाहीतच. चेकआउट 11 चं, आम्ही पावणेअकरालाच फोन केला की खोली तपासायला या. माणूस आला सव्वाबाराला, कप-बशा, टॉवेल, रिमोट मोजत बसला, आणि शेवटी लेट चेकआउट म्हणून अर्धा दिवस, 900 अधिक 45 जीएसटी. हातात आले 24,055. टेम्पोवाला हॉर्न मारत होता म्हणून 945 सोडले. आता कोणी जात असेल तर तपासणी आदल्या संध्याकाळीच करून घ्या, आणि किल्ली दिल्याची वेळ रजिस्टरमध्ये आपल्या हाताने लिहा, त्या पानाचा फोटोही काढा.