‘सढळ हस्ते’ खोडलं, मग दुकानदार बोलायला लागले

आमचं मंडळ सांगलीत विश्रामबागेतल्या एका गल्लीचं. घरं एकशेचाळीस, मूर्ती तीन फुटी शाडूची, आणि दरवर्षी सप्टेंबर संपता संपता कुणाची ना कुणाची उधारी. २०२५ ला गणेश चतुर्थी लवकर, २७ ऑगस्टला आली. ‘तुझं मराठी चांगलं आहे’ एवढ्या भांडवलावर दुकानदारांना प्रायोजकत्वाचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. सोबतीला खजिनदार काका, बँकेतून निवृत्त झालेले.

जूनअखेर मी पहिलं पत्र लिहिलं. तेव्हा मला ते फार छान वाटलं होतं. ‘मा. महोदय’पासून सुरुवात, मग मंडळाची परंपरा, समाजप्रबोधन, युवाशक्ती आणि शेवटी ‘आपण सढळ हस्ते मदत करावी ही नम्र विनंती’. चाळीस प्रती काढल्या आणि मुलं संध्याकाळी सात वाजता सहा-सहाच्या घोळक्याने त्या वाटून आली. गिऱ्हाईक असण्याच्या वेळी दारात सहा पोरं उभी राहिली की दुकानदाराला आठवते ती वर्गणीची दमदाटी. ‘मालक नाहीत, नंतर या’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळालं. अकरा दुकानांनी पाचशे एक दिले. तेही पत्र न उघडता दिले असावेत, कारण आमच्या खात्याचा नंबर पत्रात चुकला होता आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

पत्राला जोडलेला अंदाजपत्रकाचा कागद तर आणखी वाईट होता. आठ ओळी, त्यातली एक ‘इतर खर्च : ३०,०००’. एका सराफांनी मला बसवून चहा दिला आणि विचारलं, “ताई, हे इतर म्हणजे नक्की काय?” मला सांगता येईना. ते हसून म्हणाले, “मग मी ह्या इतरमध्येच पैसे देतोय असं समजायचं का?”

त्या रात्री काकांनी गेल्या वर्षीच्या पावत्यांची पिशवी काढली. जेवणाच्या टेबलावर आम्ही ‘इतर’ फोडायला बसलो. त्यातून छपाई निघाली, बक्षिसं निघाली, रक्तदान शिबिरातला नाश्ता आणि प्रमाणपत्रं निघाली, मिरवणुकीचा ट्रॅक्टर निघाला. खरोखर किरकोळ म्हणावं असं शेवटी सहा हजारांचंच उरलं. मग कागदाला दोन रकाने वाढवले. एक ‘गेल्या वर्षी प्रत्यक्ष’, दुसरा ‘कुठून भागणार’. पहिला रकाना सर्वांत कामाचा ठरला. यंदा मंडपाला अमुक लागतील असं कुणीही लिहील, पण गेल्या वर्षी किती लागले ते शेजारी छापलं की वाचणारा आकड्यांशी भांडत नाही, थेट फरकाबद्दल विचारतो.

जमेची बाजूही आम्ही तशीच खरी केली. आधी एकशेचाळीस घरं गुणिले पाचशे एक असा हिशोब होता. पण गेल्या वर्षी प्रत्यक्षात एकसष्ट हजारच आले होते, म्हणून तेच धरले. शिल्लक नऊ हजार. खर्च एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार, जमा सत्तर हजार, तूट एक लाख अठरा हजार. ही तूट कागदावर ठळक छापायची की नाही यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला. काहींना ते भीक मागितल्यासारखं वाटत होतं. मला वाटत होतं की तूटच दाखवायची नसेल तर पत्र पाठवायचंच कशाला?

दुसरं पत्र एका पानाचं केलं. प्रत्येक दुकानाला वेगळं, नावानिशी. अंदाजपत्रकातली एकच ओळ उचलायची आणि त्या दुकानाकडे तेवढीच मागायची. शाळेमागच्या क्लासवाल्या सरांना लिहिलेल्या पत्राचा गाभा असा होता :

‘मुलांच्या चित्रकला, पाठांतर आणि प्रश्नमंजूषा स्पर्धांचा खर्च १२,००० रुपये आहे (सोबतच्या कागदातील ओळ ५). हा पूर्ण खर्च आपल्या संस्थेने उचलावा अशी विनंती आहे. त्याबदल्यात स्पर्धेच्या तिन्ही दिवशी व्यासपीठामागे ६ बाय ३ फुटांचा आपला फलक राहील आणि प्रमाणपत्रांवर आपले नाव छापले जाईल. बक्षिसे आपल्या हस्ते द्यावीत. आपला निर्णय २५ जुलैपर्यंत कळल्यास प्रमाणपत्रे छापायला देता येतील.’

खाली तीन गोष्टी बारीक अक्षरात. पहिली, परवानगी. आमचं मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं नाही, त्यामुळे वर्गणी गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागेचं ना हरकत पत्र आणि मागच्या वर्षीचा हिशोब जोडून काकांनी तो अर्ज आधीच केला होता, त्याचा क्रमांक पत्रात टाकला. दुसरी गोष्ट, पैसे फक्त मंडळाच्या खात्यावर. मागे एका मुलाच्या मोबाईलचा क्यूआर कोड वापरला जायचा, तो बंद केला. तिसरी, करसवलतीबद्दल स्पष्ट वाक्य. ‘८०जी मिळेल का?’ हा प्रश्न चार ठिकाणी आला होता. आमच्याकडे ती नोंदणी नाही, म्हणून देणगीवर सवलत नाही, असं सरळ लिहिलं. फलकाच्या मोबदल्यात पैसे दिले तर मात्र आम्ही जाहिरातीचं बिल देतो. दुकानदार ते जाहिरात खर्चात दाखवू शकतो का, हे त्याचा सीए ठरवील. रोखीबद्दल काकांचाच आग्रह : “धंद्याच्या खर्चाचे एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिले तर खर्च म्हणून धरत नाहीत. चेक नाहीतर यूपीआय.”

यावेळी दोघंच फिरलो, काका आणि मी, सकाळी अकरा ते एक. फोन करून वेळ घेऊन.

हार्डवेअरच्या दुकानात खरी परीक्षा झाली. मालकांनी पत्र बाजूला ठेवलं आणि आधी कागद हातात घेतला. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, ती जुळली. मग म्हणाले, “मंडपवाल्याचं कोटेशन आहे का जवळ?” होतं. अठ्ठेचाळीस हजार. त्यांनी खाली नख टेकवलं तिथे बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलेलं होतं. अठरा टक्क्यांनी आठ हजार सहाशे चाळीस. आम्ही दोघांनीही ते वाचलं नव्हतं. काकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दुसरा प्रश्न आला : “विजेचे नऊ हजार धरलेत, त्यात अनामत किती?” सहा हजार. “ती परत येते की नाही? मग खर्चात कशी?”

गंमत अशी की एका चुकीने खर्च कमी दिसत होता, दुसऱ्या चुकीने जास्त, आणि दोन्ही मिळून फरक जेमतेम अडीच हजारांचा पडत होता. म्हणून एकूण आकडा बघून कुणाला शंका आली नाही. नवा खर्च एक लाख नव्वद हजार सहाशे चाळीस, तूट एक लाख वीस हजार सहाशे चाळीस. अनामत खर्चातून काढली, पण कागदावरून काढली नाही. ती आधी भरावी तर लागतेच. म्हणून बेरजेच्या खाली वेगळी ओळ केली : ‘आधी भरायचे, नंतर परत येणारे’. मालकांनी दुरुस्त कागद घेऊन परत या म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर त्यांनी दहा हजारांचा चेक लिहून ठेवला होता. नवा कागद त्यांनी तरीही पुन्हा तपासला.

वस्तुरूप मदतीची चूक आमची आम्हालाच सापडली. किराणावाल्या अण्णांनी महाप्रसादाला तांदूळ, डाळ, तेल असं नऊ हजारांचं सामान कबूल केलं. काकांनी महाप्रसादाचा खर्च अठ्ठावीसवरून एकोणीस हजार केला आणि जमेतही नऊ हजार लिहिले. एकच तांदूळ दोनदा मोजला गेला आणि तूट नऊ हजारांनी खोटी कमी झाली. आता नियम केला की सामान आलं तर खर्च पूर्ण ठेवायचा आणि जमेत ‘वस्तुरूप’ म्हणून तेवढीच किंमत लिहायची. अण्णांचं नावही त्यामुळे कागदावर राहतं.

सर्वांत मोठी फजिती मात्र पत्रातल्याच आश्वासनाची. कमानींवर आठ फलकांच्या जागा मी विकायला काढल्या होत्या, चार-चार हजारांना, दोन कमानी धरून. सहा जणांनी होकार दिला. रस्ता अरुंद म्हणून परवानगी आली ती एकाच कमानीची. जागा चार, शब्द सहा जणांना दिलेला. दोघांकडे जाऊन मी खरं ते सांगितलं. पैसे परत घ्या किंवा मंडपाच्या आतली जागा दोन हजारांत घ्या. एकाने आतली घेतली, दुसऱ्याने चेक परत मागितला. बरोबरच होतं त्याचं. ‘परवानगीच्या अधीन राहून’ हे शब्द मी पत्रात लिहायला हवे होते. त्याहून बरं म्हणजे परवानगी येईपर्यंत कमान विकायला काढायचीच नाही.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट : पहिल्या दहा प्रती छापल्या तेव्हा शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर गेला आणि ते पान छापखान्यातच राहिलं. नेमका ‘कुठून भागणार’वाला. पान आडवं करून रुंदीत बसवायचं एवढंच होतं.

शेवटी दुकानांकडून वस्तू धरून एक्क्याऐंशी हजार जमले. उरलेल्या तुटीसाठी ध्वनियंत्रणा लहान केली, ढोलपथक सोडलं, बाकी आरतीच्या ताटातून आणि उशिराच्या वर्गणीतून भागलं. मुलं ढोलावरून माझ्यावर आठवडाभर रुसली होती.

६ सप्टेंबरला विसर्जन झालं. पंधरा दिवसांनी तोच कागद, आता ‘यंदा प्रत्यक्ष’ हा रकाना भरून, प्रत्येक प्रायोजकाला फलकाच्या फोटोसकट नेऊन दिला. क्लासवाल्या सरांनी फोटो पाहिला. सराफांनी ‘इतर’ ची ओळ शोधली, पाच हजार आठशे बघून मान हलवली. हार्डवेअरवाल्यांनी चष्मा लावला, सगळं ओलांडून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “अनामत आली का परत?”

आली नव्हती. काका म्हणाले, “अर्ज दिलाय.” मालकांनी खिशातून पेन काढून त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह केलं आणि कागद गल्ल्याखाली ठेवून दिला.