तिसरी तार

"ताई, चार्जर काढला की लॅपटॉप पळतो आणि लावला की रांगतो. विजेवर तर जास्त जोर यायला हवा ना? हे उलटं कसं काय?"

आधी एक करा. चार्जर लावा, लॅपटॉप रांगू द्या आणि त्याच्या पोटाला हात लावून बघा. चटका बसतोय का? पंखा घोंघावतोय का? तसं असेल तर चार्जिंगची उष्णता आणि आतली धूळ असा मामला आहे, तो साफसफाईने सुटतो. पण माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लॅपटॉप गार असतात. पंखा झोपलेला, पोट थंडगार, आणि एक फोल्डर उघडायला अर्धा मिनिट. दमलेलं मशीन असं वागत नाही. असं वागतं ते कुणीतरी आतून लगाम ओढलेलं मशीन.

गेल्या जुलैत, रिटर्न भरायच्या घाईत, टॅक्स कन्सल्टंटकडे काम करणारे एक दादा लॅपटॉप घेऊन आले. तोवर त्यांनी दोनदा फॉरमॅट मारून घेतला होता, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली होती, रॅम वाढवली होती. प्रत्येक वेळी दुकानात पळायचा, घरी नेला की तेच. कारण साधं होतं: दुकानात तो बॅटरीवर चालवून दाखवत आणि घरी दादा चार्जर लावून बसत. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी टास्क मॅनेजर उघडला, Performance मध्ये CPU वर गेले. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, मूळ वेग 1.60 GHz. बॅटरीवर Speed पुढचा आकडा 2.8, 3.1 असा नाचत होता. चार्जर खोचला, आणि दोन सेकंदांत आकडा 0.39 GHz वर येऊन थिजला. टॅली उघडा, एक्सेल उघडा, काहीही करा, 0.39. हे थिजणं महत्त्वाचं. उष्णतेमुळे वेग घटतो तेव्हा आकडा हेलकावे खातो, चढतो-उतरतो. इथे तो खिळा ठोकल्यासारखा एका जागी असतो, 0.39 किंवा काही मशीनवर 0.79. या प्रोसेसरांचं मूळ घड्याळ 100 MHz चं असतं आणि वेग म्हणजे त्याची पट. चार पट म्हणजे 400, आठ पट म्हणजे 800. खाली जायची जी शेवटची पायरी, तिथे नेऊन बसवलेला असतो.

ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायची सवय आहे, त्यांनी हे चालवून चार्जर काढावा-लावावा:

```
typeperf "\Processor Information(_Total)\% Processor Performance" -si 1
```

दर सेकंदाला एक आकडा येतो, मूळ वेगाच्या टक्क्यांत. दादांच्या मशीनवर चार्जर लावताच तो 25 च्या आसपास येऊन बसला. 1.6 चा चौथा हिस्सा 0.4, हिशोब जुळला.

आता लगाम कोण ओढतं ते. प्रोसेसरला एक इशाऱ्याची तार असते, तिचं नाव PROCHOT, म्हणजे प्रोसेसर तापलाय असं सांगणारी. मुळात ही तार प्रोसेसरने इतरांना सांगण्यासाठी. पण ती दोन्ही बाजूंनी चालते. मदरबोर्डवरचं दुसरं कुणीही ती ओढू शकतं, आणि मग प्रोसेसर स्वतः गार असला तरी तापल्यासारखं वागून तळाच्या पायरीवर उतरतो. ही ओढाओढ करणाऱ्यांत एक असतो वीजपुरवठा सांभाळणारा कंट्रोलर. त्याला चार्जरबद्दल शंका आली की तो तार ओढतो.

शंका कशाची? दादांचा चार्जर मी मल्टिमीटरला लावला. 19.5 व्होल्ट, अगदी बरोबर. "मग चार्जर चांगलाच आहे की," दादा म्हणाले. चांगलाच होता, पण मुका होता. या जातीच्या लॅपटॉपच्या गोल पिनेत मधोमध एक सुईसारखी बारीक काडी असते. वीज येते ती बाहेरच्या आणि आतल्या नळीतून. काडीतून येते ती फक्त ओळख. चार्जरच्या आत एक चिमुकली मेमरी चिप असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं की मी इतक्या वॅटचा, इतक्या अँपिअरचा. लॅपटॉप चार्जर लागताच ती चिप वाचतो. वाचता आली नाही, तर समोरचा चार्जर 65 वॅटचा आहे की 30 चा, हे कळायला त्याला मार्गच उरत नाही. कुवतीपेक्षा जास्त ओढलं तर चार्जर तापेल, व्होल्टेज कोसळेल, म्हणून तो सगळ्यात वाईट शक्यता धरून चालतो: प्रोसेसर तळाला आणि बॅटरी चार्ज करणं बंद. म्हणूनच कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर "plugged in, not charging" असं यायचं. दादांना ते महिनाभर दिसत होतं. त्यांना वाटलं, बॅटरी भरली असेल.

आणि बॅटरीवर पळतो का? बॅटरीच्या आतही चिप असते आणि ती बोलते. किती भरलेय, किती तापलेय, किती देऊ शकते, सगळं लॅपटॉपला सांगत असते. ओळखीच्या माणसाकडून उधार घ्यायला लॅपटॉप बिचकत नाही, इतकंच.

खात्री करायची जागा बायोस. चालू करताना F2 दाबून आत गेलं की अशा लॅपटॉपमध्ये बॅटरीच्या माहितीशेजारी चार्जरचा प्रकार लिहिलेला असतो. दादांच्या पडद्यावर तिथे Unknown होतं. काही मशीन तर सुरू होतानाच चार्जरचा प्रकार ओळखता आला नाही असं इंग्रजीत सांगतात, आणि आपण घाईत कुठलंही बटण दाबून पुढे जातो. मी माझा कंपनीचा 65 वॅटचा चार्जर लावून पुन्हा आत गेले. 65W. विंडोज उघडून बघितलं, तीनच्या वर. दोन वेळा फॉरमॅट मारलेला लॅपटॉप एका वायरीने बरा झाला.

दादांचा विश्वास बसेना. व्होल्ट बरोबर, पिन बरोबर बसते, मग वेगळं काय? त्यांचा चार्जर 'कंपॅटिबल' म्हणून घेतलेला होता. त्यांना विचारून मी त्याची वायर पिनेपासून चार बोटांवर कापली. शेजारी माझ्याकडचा एक मेलेला कंपनीचा चार्जर कापून ठेवला. कंपनीच्या वायरीत बाहेरची जाळी, आतली जाड तार आणि त्यांच्यात केसासारखी एक बारीक तिसरी तार. दादांच्या वायरीत जाळी आणि जाड तार. बस्स. काडी पिनेत होती, पण तिच्यामागे काहीच नव्हतं. नाटकातल्या तलवारीसारखी, दिसायला म्यानात.

अर्थात दर वेळी चार्जर नकलीच असतो असं नाही. कंपनीच्या चार्जरमध्येही पहिली तुटते ती हीच बारीक तार, पिनेजवळ जिथे वायर रोज वाकते तिथे. जाड तारा शाबूत, त्यामुळे दिवा लागतो, व्होल्ट येतात. वायर एका कोनात धरून पिन पुन्हा खोचली की बायोसमध्ये 65W, सोडून खोचली की Unknown, असं झालं की समजायचं. काडी वाकून आत दबली असेल तरी हेच. दुसऱ्याचा चांगला चार्जर लावूनही Unknown येत असेल तर दोष लॅपटॉपच्या जॅककडे. अनेक मॉडेलमध्ये जॅक वेगळ्या छोट्या वायरीवर असतो, मदरबोर्डला हात न लावता बदलता येतो. जॅक बदलूनही Unknown राहिलं तरच मदरबोर्डचं नाव घ्यायचं. काही दुकानांत सुरुवातच तिथून होते, तेवढं सांभाळा.

ओळख पटते पण कुवत कमी, हा याचाच सौम्य भाऊ. 90 वॅटच्या मशीनला घरातला जुना 45 चा लावला की तो मान्य होतो, पण वेग आवरता घेतला जातो. टाइप-सी वर हे फार होतं, कारण तिथे भोक सगळ्यांचं सारखंच. मोबाइलचा साधा चार्जर 5 व्होल्ट आणि 3 अँपिअर, म्हणजे 15 वॅट देतो. लॅपटॉपला हवे असतात 20 व्होल्ट आणि 3.25 अँपिअर, म्हणजे 65. त्यातही 3 अँपिअरच्या वर न्यायला केबलमध्ये स्वतःची ओळखचिप लागते. ती नसेल तर 100 वॅटचा चार्जरही 60 वर थांबतो. चार्जर बदलून उपयोग झाला नाही तर केबल बदलून बघा.

आता तो उपाय, जो कुणीतरी भाचा सांगतोच. ThrottleStop नावाचा प्रोग्राम आहे, त्यात BD PROCHOT समोरची खूण काढायची, की प्रोसेसर बाहेरून येणारा इशारा ऐकायचंच सोडून देतो. वेग लगेच परत येतो, खोटं नाही. प्रोसेसरचं स्वतःचं तापमान बघणंही चालू राहतं. पण शेजारचे वीज पुरवणारे भाग तापले तर त्यांची हाकही आता ऐकू जात नाही, आणि चार्जर खरोखरच दुबळा असेल तर तो भाजतो. बॅटरी तर तरीही चार्ज होत नाही, कारण ते कुलूप वेगळं आहे. रात्रीत काम संपवायचंय म्हणून एकदा वापरलंत तर मी रागावणार नाही. कायमचं नको.

गेमिंग लॅपटॉपवाले मुलगे नेमकी उलटी तक्रार घेऊन येतात, की बॅटरीवर गेम अडखळतो. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. त्यांचा चार्जर 230 वॅटचा आणि बॅटरी 90 वॅट-तासांची. तेवढं सगळं बॅटरीतून ओढलं तर ती पंचवीस मिनिटंही टिकायची नाही, आणि एवढा प्रवाह त्या सेलना सोसणारही नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डाचा खुराक तोडलेला असतो. गेम खेळायचा तर वायर लावून बसायचं.

दादांनी त्या दिवशी माझाच चार्जर उसना नेला आणि रिटर्न भरून झाल्यावर नवा आणून माझा परत केला. नवा घेताना त्यांनी दुकानातच लॅपटॉप उघडून, F2 दाबून, 65W वाचल्याशिवाय पैसे दिले नाहीत. कापलेली वायर मात्र ते घेऊन गेले होते, ज्याने विकली त्याला दाखवायला.