२२८, २६१ आणि मधला आकडा

चाकणच्या एका वाहन-सुटे भागांच्या कारखान्यात मी आयआर बघतो. आयआर म्हणजे औद्योगिक संबंध. लोकांना वाटतं, हा माणूस दिवसभर भांडणं मिटवत असणार. प्रत्यक्षात निम्मा वेळ कुठला कागद कोणी कोणाला कधी दिला आणि त्याची पोच घेतली का, हे शोधण्यात जातो. कामगार कायद्याचा डिप्लोमा करणारी मुलं आमच्याकडे प्रशिक्षणाला येतात. तक्रार निवारणाच्या पायऱ्या त्यांना तोंडपाठ असतात. त्यांना मी ही एक केस सांगतो. शेवटी कोण बरोबर होतं, असं ती विचारतात आणि माझी पंचाईत होते.

केस नव्या श्रमसंहितांच्या आधीची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यामुळे खाली आलेली कलमं जुन्या कायद्यांची आहेत. माणसं तीच आहेत.

सकाळची पाळी होती. दहाच्या चहानंतर मशिनिंगच्या एका सेलमधल्या ऑपरेटरांनी मशीन चालू केलंच नाही. अर्ध्या तासात शेजारच्या सेलही थांबल्या. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत, सगळे आपापल्या मशीनपाशी बसलेले. कारण एवढंच की त्या सेलच्या ऑपरेटरला सकाळी वॉर्निंग लेटर मिळालं होतं. आरोप, जाणूनबुजून काम संथ केल्याचा. बोर्डवर पाळीचं टार्गेट २६१ नग आणि तो सलग काही दिवस २२८-२३० च्या आसपास देत होता.

संथ काम हा साधा आरोप नाही. स्थायी आदेशांत ते गैरवर्तन आहे. युनियनने ते घडवून आणलं असं ठरलं, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, ज्याला आम्ही सगळे नुसतं ‘पल्प’ म्हणतो, ती अनुचित कामगार प्रथा ठरते. त्यामुळे हा शब्द पत्रात लिहिण्याआधी सुपरवायझरने मला विचारायला हवं होतं. पण प्रॉडक्शनच्या लोकांना वाटतं की पत्र म्हणजे मोठ्या आवाजात बोलणं, फक्त कागदावर.

प्लँट हेडच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा वकील फोनवर होते आणि दोन अस्त्रं टेबलावर आली होती. पहिलं, बेकायदा संपाचं. मान्यताप्राप्त युनियनला संपाआधी सभासदांचं मतदान घेऊन १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. इथे दोन्ही नव्हतं, म्हणजे कामगार न्यायालयात जाऊन संप बेकायदा ठरवून घेता आला असता. दुसरं, आठ दिवसांच्या पगाराचं. दहा किंवा जास्त कामगारांनी संगनमताने, नोटीस न देता काम थांबवलं, तर वेतन प्रदान कायद्यात आठ दिवसांपर्यंतची कपात बसवता येते. प्लँट हेडना हे दुसरं फार आवडलं. दोन-अडीच तासांच्या बंदला आठ दिवस! मी म्हटलं, ‘साहेब, दोन्ही बरोबर आहे. पण आधी आपलाच करार काढून बघू.’

तो करार मी जवळून पाहिलेला. वाटाघाटी सात महिने चालल्या होत्या. पगारवाढीवर जेवढी भांडणं झाली नाहीत तेवढी एका परिच्छेदावर झाली. वाढ तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशी विभागून देण्यावर दोन्ही बाजू लवकर आल्या. पुण्याच्या पट्ट्यात हा रिवाजच आहे. नॉर्मवर, म्हणजे एका पाळीत किती नग काढायचे त्यावर, मात्र गाडी अडली. व्यवस्थापनाला नॉर्म कधीही बदलायची मुभा हवी होती, युनियनला तो तीन वर्षं दगडावर कोरून हवा होता. शेवटी असं ठरलं की पद्धत, मशीन किंवा टूलिंग बदललं तर कामाचा वेळ मोजणारा आयई विभाग आणि युनियनचा प्रतिनिधी मिळून अभ्यास करतील, आणि तो होईपर्यंत जुना नॉर्म चालेल. एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही एका रात्री अकरापर्यंत बसलो होतो. हे वाक्य मला अजून आवडतं. करारावर सहायक कामगार आयुक्तांसमोर सह्या झाल्या, म्हणजे तो औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) चा करार. युनियनचे सभासद नसलेल्या कामगारांनाही तो बांधतो, आणि आम्हालाही. करार न पाळणं ही मालकाच्या बाजूची अनुचित प्रथा आहे. म्हणजे आम्ही संपाची केस टाकली असती, तर युनियनने करारभंगाची टाकली असती, आणि दोन्ही चालल्या असत्या.

बदललं काय होतं? फिक्श्चर, म्हणजे जॉब, घडवायचा भाग, मशीनवर धरून ठेवणारी चौकट. हाताने आवळायचा क्लॅम्प जाऊन हायड्रॉलिक आला होता. जॉब लावण्या-काढण्याला २० सेकंद लागायचे, तिथे ८ लागू लागले. मशीनचं सायकल ९६ वरून ८४ सेकंदांवर आलं. आयईच्या मुलाने गणित केलं. पाळीचे ४८० मिनिटं, त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि चहाचे दोन वेळचे दहा-दहा वजा, उरले ४३०. म्हणजे २५,८०० सेकंद. भागिले ८४, त्याचे ८५ टक्के, आले २६१. जुन्या सायकलने हेच गणित २२८ देतं. गणितात चूक नव्हती. त्याने ते बोर्डवर लिहायला दिलं, युनियनला न विचारता, आणि सुपरवायझरने लिहून टाकलं.

मी खाली सेलवर गेलो तेव्हा सुपरवायझरला एकच प्रश्न विचारला, ऑपरेटरने काही लिहून दिलं होतं का? तो म्हणाला, ‘हो, तसं काहीतरी आहे.’ ड्रॉवरमधून तक्रारीचा फॉर्म निघाला. आठवड्याहून जुना. त्यावर सुपरवायझरचीच पोच. ऑपरेटरने लिहिलं होतं: ‘नवीन क्लॅम्पमुळे बोअर ओव्हल येतो. क्वालिटीने प्रत्येक जॉब चेक करायला सांगितलं आहे. २६१ होत नाहीत.’ बोअर म्हणजे जॉबमधलं गोल भोक.

आमची तक्रारपद्धत १९५८ च्या आदर्श पद्धतीवरच बेतलेली. पहिल्या पायरीवर ४८ तासांत उत्तर. नाही पटलं तर विभागप्रमुख, तीन दिवस. मग दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची समिती, सात दिवस. कागदावर सुरेख. पण पहिल्या पायरीवर उत्तरच दिलं नाही, तर दुसऱ्या पायरीची वेळ कधी सुरू होते हे कामगाराला कळत नाही. तो वाट बघत बसतो. सुपरवायझरला लेखी उत्तर देण्याची भीती वाटते. त्याच्या मते उत्तर देणं म्हणजे तक्रार खरी मानणं. खरं तर ‘तपासलं, २६१ योग्य आहे’ एवढं जरी त्याने लिहिलं असतं, तरी कागद विभागप्रमुखाकडे गेला असता आणि तिथे कोणीतरी क्वालिटीला फोन केला असता.

दुपारपर्यंत नेहमीची कोंडी झाली. युनियनचे अध्यक्ष म्हणत होते, आधी लेटर मागे घ्या, मग मशीन चालू. प्लँट हेड म्हणत होते, आधी मशीन चालू, मग बोलू. दोघांचंही तोंड राखायचं होतं. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन म्हटलं, ‘तुम्हाला संयुक्त अभ्यास हवाय ना? मग बंद मशीनवर वेळ कसा मोजणार?’ ते हसले. तिथून वाट निघाली. लेटर अभ्यास होईपर्यंत स्थगित, मागे नाही. मशीन चालू आणि त्याच मिनिटाला घड्याळ चालू. हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पावणेएकला सेल सुरू झाली.

अभ्यासाला आयईचा मुलगा आणि युनियनचे खजिनदार, दोघांच्या हातात वेगवेगळी स्टॉपवॉच. आणि इथे ती गोष्ट दिसली जी केबिनमध्ये दिसत नाही. हा ऑपरेटर एक मशीन चालवत नाही, दोन चालवतो. आयईने ८४ सेकंद मोजले ते मशीनचे. माणसाचे मोजलेच नव्हते. क्लॅम्प हाताचा असताना गेजिंग, म्हणजे बोअर मोजून तपासणं, पाच जॉबला एकदा व्हायचं. मशीन कापत असताना त्याचं बाकी काम उरकून वर थोडा वेळ उरायचा, तेव्हा मशीनच मंद होतं. आता पातळ भिंतीच्या हाऊसिंगवर क्लॅम्पचा दाब जास्त पडत होता. जॉब सुटला की बोअर किंचित अंडाकृती व्हायचा, म्हणून क्वालिटीने शंभर टक्के तपासणी लावली होती. दोन बोअर, प्रत्येकी एअर गेज लावून फिरवून बघायचा, दोन्हींचे मिळून ५० सेकंद. दोन मशीनवर लावणं-काढणं १६, कापलेल्या कडेची बर काढून हवा मारणं १५, इकडून तिकडे चालणं १०. बेरीज ९१. मशीन ८४ व्या सेकंदाला तयार होऊन उभं राहत होतं आणि माणूस सात सेकंदांनी पोचत होता.

९१ ने भागलं की नॉर्म येतो २४१. बोर्डवरचा २६१ चूक, आणि ऑपरेटरचा २२८सुद्धा चूक. खजिनदारांच्या स्टॉपवॉचवरही हेच आलं, त्यामुळे वाद करायला कोणाला जागा उरली नाही. ऑपरेटरला मी विचारलं, ‘दादा, २४१ निघत होते, मग २२८ वर का थांबलात?’ तो म्हणाला, ‘साहेब, अर्ज दिला होता ना. अभ्यास होईपर्यंत जुना नॉर्म, असं करारातच आहे.’ त्याने करार वाचला होता. आमच्या सुपरवायझरने वाचला नव्हता.

संध्याकाळी इतिवृत्त झालं. शंभर टक्के तपासणी चालू असेपर्यंत २४१. क्वालिटीने ती लेखी काढली आणि युनियनला प्रत दिली की दुसऱ्या दिवसापासून २६१. वॉर्निंग लेटर रद्द. बंद काळाचा पगार नाही, पण आठ दिवसांची कपातही नाही. दोन्ही बाजूंनी केस टाकायची नाही. आठ दिवसांचा मुद्दा सोडायला प्लँट हेडना जड गेलं. त्यांना वाटतं मी युनियनला सोपं करतो. युनियनला वाटतं मी गोड बोलून पगार कापतो.

ऑपरेटरने अर्ज दिला, पोच घेतली, करार पाळला, आणि त्या सगळ्यातून त्याला वॉर्निंग लेटर मिळालं. साठेक माणसं अडीच तास बसली आणि त्याच दिवशी दोन स्टॉपवॉच आली. मुलं विचारतात, मग बसणं बरोबर होतं का? कायद्याने नव्हतं, हे मी ठणकावून सांगतो. पुढचा प्रश्न त्यांनी विचारू नये असं मला वाटतं, आणि एखादी हुशार मुलगी तो विचारतेच: तेच काम अर्जाने कधी झालं असतं?

त्यानंतर मी एवढंच करून घेतलं की तक्रारीचा फॉर्म तीन प्रतींत आला. एक कामगाराकडे, एक सुपरवायझरकडे, एक थेट माझ्या टेबलावर, आणि ४८ तास उलटले की उत्तराशिवायचा कागद आपोआप विभागप्रमुखाकडे. सुपरवायझर मंडळी नाराज आहेत, त्यांना वाटतं मी त्यांच्यावर पाळत ठेवतो. पहिल्या महिन्यात आलेल्या अर्जांपैकी बरेचसे कँटीनच्या भाजीबद्दल होते. त्यांनाही ४८ तासांत लेखी उत्तरं गेली.