सहा महिन्यांच्या रजेवर जाताना लावायचं उत्तर

“मी सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. १ जूनपासून सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. ऑफिसच्या जीमेलवर आपोआप उत्तर कसं लावायचं, आणि त्यात काय लिहायचं नाही?”

दोन दिवसांच्या रजेत ‘बुधवारी बोलू’ एवढं लिहिलं तरी भागतं. सहा महिन्यांत तसं चालत नाही. दिल्लीचा खरेदीदार पट्टीबद्दल मेल करतो किंवा खोकेवाला बिल पाठवतो, तेव्हा तुम्ही कधी परत येणार याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. काम कोणाकडे न्यायचं, ते त्याला कळायला हवं. म्हणून उत्तराचं पहिलंच वाक्य त्याबद्दलचं असू द्या, कारण मोबाइलच्या पडद्यावर उघडण्याआधी तेवढंच दिसतं.

आधी सेटिंग. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून चाकाच्या चिन्हावर जा, मग See all settings, आणि General या पानाच्या अगदी तळाशी Vacation responder. तिथे on निवडा आणि First day ला १ जून २०२६ घाला. Last day च्या चौकटीत खूण करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही कामावर परतल्यावरही उत्तरं जात राहतील. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, तेव्हा शेवटची तारीख २९ नोव्हेंबर येते. पहिल्या दिवशी रात्री बारापासून उत्तर सुरू होतं आणि शेवटच्या दिवशी रात्री ११:५९ ला थांबतं. खाली Only send a response to people in my Contacts असा पर्याय आहे, तो रिकामा ठेवा. त्यावर खूण केली तर नव्या वाहतूकदाराला काहीच उत्तर जाणार नाही, आणि आपला मेल पोचला असं समजून तो वाट बघत बसेल. शेवटी Save Changes दाबायचं. ते राहून गेलं तर सगळी मेहनत वाया जाते.

मजकूर एवढा पुरे:

```
पट्टी, बिलं आणि पेमेंटसाठी hisab@example.com वर लिहा.
मी नोव्हेंबर २०२६ अखेरपर्यंत रजेवर आहे. या पत्त्यावर
आलेला मेल कोणी वाचत नाही आणि तो पुढे पाठवला जात
नाही, म्हणून कृपया वरच्या पत्त्यावर पुन्हा पाठवा.
```

दिल्लीकडच्या खरेदीदारांसाठी हेच खाली हिंदीत लिहा. पत्ता जागेवर आलेल्या माणसाचा न देता हिशेबाच्या कामाचा द्या, कारण सहा महिन्यांत तो माणूसही बदलू शकतो. ‘मेल कोणी वाचत नाही’ हे वाक्य रुक्ष वाटलं तरी काढू नका. आपोआप उत्तर म्हणजे फॉरवर्डिंग नव्हे, मूळ मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतो. भरलेल्या गाडीचा वाद असेल, तर तेवढ्यात केळी पिकून जातील.

आता काय गाळायचं. रजेचं कारण लिहायची गरज नाही. बाळंतपण, आजार, ऑपरेशन ही माहिती मेल करणाऱ्या प्रत्येकाकडे जाते, अगदी अनोळखी माणसाकडेही. ‘माहेरी जळगावला आहे’, ‘घर बंद आहे’ असंही नको. ‘पेमेंटची मंजुरी आता मालक स्वतः देतात’ असं तर अजिबात लिहू नका. पैशांची फसवणूक करणाऱ्याला हिशेबाचं माणूस रजेवर आहे आणि मंजुरी कोण देतं, या दोनच गोष्टी हव्या असतात. मग मालकाच्या नावाने ‘बँक खातं बदललंय’ असा मेल नव्या माणसाला येतो, आणि त्याला तुमची पद्धत माहीत नसते. रजेवर जाण्याआधी त्याला सांगून ठेवा, की खातं बदलल्याचा मेल आला तर वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करूनच खात्री करायची. मेलमध्ये दिलेला नंबर लावायचा नाही.

स्वतःचा मोबाइल नंबरही नको. पण तो मजकुरातून काढला तरी मागच्या दाराने येतो. जीमेल तुमची नेहमीची सही या उत्तराखाली जोडतं, आणि सहीत नंबर, हुद्दा सगळंच असतं. म्हणून त्याच General पानावर थोडं वर Signature मध्ये जाऊन ते आधी काढा.

मग दुसऱ्या खात्यावरून स्वतःला एक मेल टाका आणि आलेलं उत्तर तळापर्यंत वाचा. त्याच खात्यावरून लगेच पुन्हा मेल केला तर उत्तर येणार नाही. त्यात बिघाड नाही, एका माणसाला चार दिवसांतून एकदाच उत्तर जातं. उत्तराच्या मजकुरात बदल केला, तर मात्र त्याच माणसाच्या पुढच्या मेलला नवं उत्तर जातं. स्पॅममध्ये पडलेल्या मेलला उत्तर जात नाही, म्हणून खोकेवाल्यासारख्या नेहमीच्या आठ-दहा जणांना नवा पत्ता मेच्या शेवटच्या आठवड्यातच कळवून टाका.