सर्वपित्रीचं एक जेवण आणि अकरा पावत्या

ग्लुकोमीटरवर आकडाच नव्हता. HI एवढी दोन अक्षरं होती. रात्रपाळीच्या मावशींना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी सेल काढून परत घातले, दुसरी पट्टी लावली, पुन्हा तेच आलं, तेव्हा मला हाक मारली. आमच्या यंत्रात साखर सहाशेच्या वर गेली की आकडा येत नाही, ही अक्षरं येतात. हे मी मावशींना कधी सांगितलंच नव्हतं, ती चूक माझी. आजोबा कॉटवर बसले होते, पण मान टाकत होते, आणि तोंडाला इतकी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटत होती.

तारीख २१ सप्टेंबर २०२५, रविवार, सर्वपित्री अमावस्या. सातारा जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाची मी व्यवस्थापक आहे. आधी पतसंस्थेत कॅशियर होते, त्यामुळे इथे आले तशी हिशेबाची वही आपोआप माझ्याकडेच आली. त्या दिवसाबद्दल लिहायचं तर आजोबांच्या आधी त्या वहीबद्दल लिहावं लागेल, कारण माझ्या मते त्यांची साखर त्या वहीतूनच चढली.

आमच्याकडे ४२ आजी-आजोबा आणि ११ कर्मचारी. महिन्याचा खर्च ३ लाख ७० हजारांच्या आसपास. तो हलत नाही. पाऊस असो, सण असो, मावशींचा पगार ७ तारखेला, विजेचं बिल त्याच्या तारखेला. अंथरुणाला खिळलेले नऊ जण आहेत, त्यांना दिवसाला सत्तावीस डायपर लागतात, म्हणजे महिन्याला चोवीस-पंचवीस हजार. राहणाऱ्यांपैकी सोळा जण काही ना काही भरतात, त्यातून १ लाख १० हजार येतात. उरलेले २ लाख ६० हजार देणगीतून यावे लागतात, आणि देणगी महिन्याला येत नाही, तिथीला येते.

पितृपक्षात येते, दिवाळीत येते, मार्चअखेरीला येते. मार्चची गंमत आता ओसरत चालली आहे. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, त्यामुळे ‘मॅडम, ३१च्या आत पावती द्या’ म्हणणारे नोकरदार फोन कमी झालेत. मे-जूनमध्ये तर लोक लग्नं, सुट्ट्या, शाळेच्या फिया यांत असतात. जूनमध्ये आमच्या खात्यात जे उरतं ते विश्वस्तांना सांगताना मी आकडा तोंडाने न सांगता कागद पुढे सरकवते.

यातला सगळ्यात जुना गुंता कायम तिथीचा. आश्रम सुरू झाला तेव्हा योजना अशी होती की ३,००१ रुपये भरा, रक्कम मुदत ठेवीत राहील, आणि व्याजातून दरवर्षी तुमच्या तिथीला आश्रमात जेवण होईल. पावतीवर ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असं छापलेलंही आहे. १९९६ साली हे गणित खोटं नव्हतं. तेव्हा बँका बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या, म्हणजे वर्षाला साडेतीनशेच्या वर, आणि पंचवीस माणसांचं गोडाधोडाचं साधं जेवण तेवढ्यात निघायचं. आज त्या ठेवीवर दोनशे रुपये येतात. कर्मचाऱ्यांसकट ५३ माणसांचं एका वेळचं जेवण साडेतीन हजारांच्या खाली होत नाही. म्हणजे नुसतं व्याज कमी पडतं असं नाही, सगळी मुद्दल मोडली तरी एक जेवण होत नाही. आणि मोडता येत नाहीच. तो कायम निधी, मुद्दलाला हात लावायचा नाही या अटीवर घेतलेला. कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. अशा कायम तिथी आमच्याकडे २१२ आहेत. त्या त्या तिथीला फळ्यावर नाव लिहायचं, कुणाच्या तरी स्मरणार्थ जेवायचं, आणि पैसे मात्र दुसरीकडून आणायचे. ज्या विश्वस्तांनी ही योजना काढली त्यांची तसबीर कार्यालयात माझ्या खुर्चीच्या मागेच आहे. रोज हार मीच घालते.

सर्वपित्रीला या कायम तिथी सात. ज्यांना वडिलांची तिथी माहीत नसते त्यांनी सर्वपित्री लिहून दिलेली. या सातांचे नवे पैसे शून्य. त्याखेरीज त्या वर्षी नवीन नोंदणी आली अकरा जणांची. दुपारच्या जेवणाचा आमचा दर साडेचार हजार. अकरा जणांनी प्रत्येकी साडेचार हजार दिले आणि मी अकराही पावत्या फाडल्या, ‘सर्वपित्री अमावस्या, दुपारचे भोजन’ असं लिहून.

दुपार एकच असते. जेवण एकच होतं. ४९,५०० रुपये आले, खर्च साडेचारपाच हजार झाला, उरलेले ४४-४५ हजार चालू खर्चात गेले. मी हे दरवर्षी करते, माझ्या आधीच्या व्यवस्थापकही करायच्या. सांगलीकडच्या एका आश्रमातल्या बाईंशी एकदा बोलले, त्याही हेच करतात. यात कुणी पैसे खिशात घालत नाही. त्या पैशातूनच रात्रीच्या मावशींचा पगार होतो, कारण रात्रीच्या मावशींसाठी म्हणून आजवर कुणी देणगी दिलेली नाही. मी विचारून पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांना म्हटलं, जेवण भरलंय, तुम्ही वडिलांच्या नावाने महिन्याचे डायपर द्या. ते इतके दुखावले की मला परत फोन करून माफी मागावी लागली.

पण एका जेवणाचे अकरा मालक झाले की प्रत्येकाला आपलं काहीतरी ताटात दिसावं लागतं. सातारच्या एका कुटुंबाने तांदळाची खीर घरून करून आणली. एकांनी पुरणपोळ्या सांगितल्या. पुण्याहून आलेल्यांनी जिलबीचा खोका आणला, आणि सकाळी नाश्त्याला एकांचा शिरा होऊन गेला होता. मी कुणाला नाही म्हटलं नाही. साडेचार हजार घेतलेत आणि आता खीर वाढू देत नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? रविवार असल्यामुळे सगळी कुटुंबं लेकराबाळांसकट आली होती. ती पंगतीत फिरून हाताने वाढत होती, फोटो काढत होती. ‘आजोबा, अजून एक पोळी, आमच्या पप्पांना फार आवडायची.’ मधुमेहींची वेगळी पंगत आम्ही रोज बसवतो, ताटाला निळी पट्टी असते. त्या दिवशी पंगती मिसळल्या. या आजोबांनी खीर दोन वाट्या, पुरणपोळी दीड, जिलबी किती ते कुणालाच माहीत नाही. आणि बारा वाजताचं इन्सुलिन जेवण लांबल्यामुळे मागे ठेवलं ते ठेवलंच गेलं. सिस्टर पाहुण्यांना आश्रम दाखवत होत्या. त्यांना मीच तसं सांगितलं होतं.

रात्री साडेनऊला गाडी काढली. जवळच्या खासगी दवाखान्यात दाखल करून घेण्याआधी वीस हजार अनामत मागितली. ट्रस्टच्या खात्यावर यूपीआयने पैसे येतात, जात नाहीत. बाहेर काढायचे तर धनादेश, त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या. एक विश्वस्त मुलीकडे बंगळुरूला, दुसऱ्यांचा फोन बंद. किरकोळ खर्चाच्या पेटीत ६,३०० होते. बाकीचे माझ्या आणि ड्रायव्हरच्या फोनवरून भरले. काउंटरवरच्या मुलाने पावतीवर नातं विचारलं तेव्हा ड्रायव्हर पटकन ‘मुलगा’ म्हणाला.

त्या दिवशी आमच्या कोठीत ९० किलोच्या वर साखर होती. पितृपक्षात शिधा म्हणून येते, तेल आणि गहूही येतात, पण साखर सगळ्यात जास्त. आमचा वाणी ती बदलीत घेतो, किलोमागे दोन रुपये कमी धरून, आणि त्याची तूरडाळ देतो. हा व्यवहार मी बसवला आणि त्याचा मला अभिमान आहे, कारण त्याआधी दर पावसाळ्यात साखरेला पाणी सुटायचं. पण साखर दवाखान्याच्या काउंटरवर चालत नाही.

आजोबा सहाव्या दिवशी परत आले. बिल ४६ हजार. म्हणजे अकरा पावत्यांतून जे उरलं होतं ते जवळपास तेवढंच तिकडे गेलं, आणि त्या महिन्याचा रात्रीचा पगार दहा दिवस लांबला. मावशींनी काही म्हटलं नाही. मला ते म्हणण्यापेक्षा जास्त लागलं.

विश्वस्तांच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. गोड एकच, तेही आमच्या स्वयंपाकघरातलं, बाहेरचं शिजवलेलं आत येणार नाही. आणि पावतीवर ‘भोजन’ न लिहिता ‘तिथीनिमित्त, आश्रमाच्या चालू खर्चासाठी’ असं लिहायचं. पहिली लगेच मंजूर झाली. दुसरीवर पाऊण तास चर्चा झाली. अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, लोक अन्नाला देतात, खर्चाला देत नाहीत. शब्द बदललात तर निम्मे येणार नाहीत.’ त्यांचा अंदाज चुकीचा नसावा. शेवटी ठरलं की आधी त्या अकरा जणांना विचारून बघा.

अकराही फोन मी केले. चौघांनी ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हटलं, त्यातल्या दोघांनी वाक्य पुरतं ऐकलंही नसेल. तिघे म्हणाले मग पुढच्या वर्षी बघू. एक बाई म्हणाल्या, खीर नाही तर मग सासऱ्यांना पोचणार काय? यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. दोघांनी उचलला नाही.

अकरावे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या दिवशी जेवण किती जणांच्या नावाने होतं?’ मी खरा आकडा सांगितला, सात कायम, अकरा नवीन. ‘मग माझ्या साडेचार हजारांचं काय झालं?’ म्हटलं, बहुतेक रात्रीच्या मावशींच्या पगारात गेले असते, यंदा दवाखान्यात गेले. ते थांबले. ‘त्याला माझी काहीच हरकत नव्हती हो. पण मग पावतीवर भोजन कशाला लिहिलंत?’

मी म्हटलं, तुम्ही भोजन सांगितलंत म्हणून. म्हणाले, ‘विचारलं असतंत तर पगार सांगितला असता.’ मी त्यांना जुनी पावती परत पाठवायला सांगितली, नवीन करून देते म्हणून. तिचं स्थळप्रत पुस्तक टेबलावर उघडंच ठेवलंय. पावती अजून आलेली नाही.