बोनस शेअर : निधी कुठून, किती आणि नोंद कशी

"बोनस शेअर देताना कंपनीच्या बँकेतून एक रुपयाही जात नाही म्हणता, मग राखीव निधी कमी का होतो? आणि जर्नलमध्ये नेमकं लिहायचं काय?"

राखीव निधी म्हणजे वेगळी काढून ठेवलेली रोकड नव्हे. भागधारकांचाच, पण वाटून न दिलेला तो हिस्सा. बोनस देताना हा हिस्सा एका नावाखालून दुसऱ्या नावाखाली जातो, एवढंच.

समजा, कंपनीचे 10 रुपये दर्शनी किमतीचे 10 लाख शेअर आहेत, म्हणजे भांडवल 1 कोटी. कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह, म्हणजे शेअर परत घेताना नफ्यातून वेगळा ठेवलेला निधी, 15 लाख; सिक्युरिटीज प्रीमियम, म्हणजे शेअर विकताना दर्शनी किमतीवर मिळालेली जादा रक्कम, 20 लाख; आणि सर्वसाधारण राखीव निधी 60 लाख. बोनस ठरला 1:2, म्हणजे हातातल्या दोन शेअरमागे नवा एक. हे गुणोत्तर उलटं वाचलं की पुढचं सगळं गणित चुकतं. नवे शेअर 5 लाख, लागणारी रक्कम 50 लाख. बाजारभाव 200 असला तरी हिशेब दर्शनी किमतीनेच.

आता कोणता निधी आधी वापरायचा? माझ्या मते कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह आधी, कारण पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. मग प्रीमियम. सर्वसाधारण निधीतून लाभांश देता येतो, म्हणून त्याला शेवटी हात लावावा. मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून तयार झालेल्या निधीला मात्र हात लावायचाच नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 63 तशी मनाई करतं.

पहिली नोंद : कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह 15 लाख, प्रीमियम 20 लाख आणि सर्वसाधारण निधी 15 लाख नावे, 'भागधारकांना बोनस' खाते 50 लाख जमा. ही नोंद सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनंतर. दुसरी शेअरवाटपाच्या वेळी : 'भागधारकांना बोनस' खाते 50 लाख नावे, समभाग भांडवल 50 लाख जमा. मधलं खातं शून्यावर आलं नाही, तर चूक कुठेतरी आहेच.

ताळेबंदात आधी 100 + 15 + 20 + 60, म्हणजे 195 लाख होते. नंतर भांडवल 150 आणि सर्वसाधारण निधी 45, बेरीज तीच 195. मालमत्तेची बाजू जशीच्या तशी.

प्रत्यक्षात अडतं ते अधिकृत भांडवलापाशी. ते 1.20 कोटीच असेल, तर 1.50 कोटींचे शेअर काढताच येत नाहीत. आधी सभेत ठराव करून ते वाढवावं लागतं. त्याचं शुल्क हा मात्र खरा रोख खर्च, आणि तो या नोंदींत मिसळायचा नाही. अर्धवट भरणा झालेले शेअर असतील, तर तेही आधी पूर्ण भरून घ्यावे लागतात.

नफा 30 लाखच राहिला, तर प्रतिशेअर मिळकत 3 रुपयांवरून 2 वर येते. तुलनेसाठी छापलेला मागच्या वर्षीचा आकडाही 15 लाख शेअर धरूनच पुन्हा काढावा लागतो.