उसन्या पैशांची एकच चालू वही : माझा अनुभव

नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना दिलेले पैसे एका जागी लिहून काढायचे ठरवले, तेव्हा त्यांची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली होती. थोडी बँकेच्या खात्यात, थोडी फोनमधल्या मेसेजमध्ये आणि उरलेली डोक्यात. बँकेत रक्कम आणि तारीख मिळते, पण कारण सापडत नाही. मेसेजमध्ये कारण असतं, पण "पाठवले" म्हणजे नेमके किती ते नसतं. रोख दिलेल्या पैशांचा तर दोन्हीकडे पत्ता नव्हता.

त्यासाठी स्प्रेडशीट उघडल्यावर पहिला प्रश्न आला की ओळ कोणाची धरायची, माणसाची की व्यवहाराची? सहज सुचतं ते माणसाचं: एका बाजूला नाव, शेजारी बाकी, पैसे आले की आकडा खोडून नवा लिहायचा. मी तो मार्ग घेतला नाही. आकडा बदलला की त्याच्या मागचा इतिहास जातो आणि समोरच्याने "हे इतके कसे?" विचारलं तर दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून ओळ व्यवहाराची ठेवली. पैसे दिले की एक ओळ, परत आले की आणखी एक. लिहिलेली ओळ पुसायची नाही आणि बाकी हाताने लिहायची नाही, ती सूत्राने काढायची.

रकाने सात आहेत: तारीख, नाव, दिले, जमा, कसे, तपशील, बाकी. दिले आणि जमा यांना वेगळे रकाने देण्याऐवजी एकाच रकान्यात अधिक-उणे चिन्ह लावूनही चालतं. पण फोनवर घाईत टाइप करताना उणे चिन्ह राहून जातं आणि ते नजरेला येत नाही. रक्कम चुकीच्या रकान्यात पडली तर निदान दिसते. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत, दुसऱ्या ओळीपासून नोंदी. बाकीच्या रकान्यात G2 मध्ये हे सूत्र घातलं आणि खाली ओढलं:

```
=SUMIFS(C$2:C2,B$2:B2,B2)-SUMIFS(D$2:D2,B$2:B2,B2)
```

या ओळीत ज्याचं नाव आहे, त्याला इथपर्यंत एकूण किती दिले त्यातून इथपर्यंत किती जमा झाले ते वजा, एवढंच हे सूत्र करतं. नावं कितीही मिसळलेली असली तरी प्रत्येक ओळीत त्याच माणसाची त्या क्षणीची बाकी दिसते.

आधीपासूनच्या उसन्या पैशांसाठी मी मागचा सगळा इतिहास उकरत बसले नाही. त्या-त्या माणसाशी बोलून "आज इतके बाकी आहेत ना?" एवढं नक्की केलं आणि तो आकडा त्या दिवसाच्या तारखेने "आधीची बाकी" म्हणून एका ओळीत लिहिला. दोघांनाही मान्य असलेला एक आकडा मिळाला की वही तिथून सुरू होते.

सगळ्यात जास्त काम पडलं ते नावांचं. सूत्राला नाव अक्षरशः तेच लागतं. एका ओळीत "मावशी", दुसरीत "मोठी मावशी", तिसरीत "मावशी" पण पुढे एक रिकामी जागा, असं झालं की शीटच्या दृष्टीने ती तीन माणसं होतात आणि बाकी तीन तुकड्यांत विभागली जाते. कुठेही लाल खूण येत नाही. नोंदींच्या टॅबला मी वही नाव दिलंय. म्हणून दुसऱ्या टॅबवर, ज्याला यादी नाव दिलंय, पहिल्या रकान्यात प्रत्येक नाव एकदाच लिहिलं आणि वहीतल्या नावाच्या रकान्याला Data validation लावून तीच यादी जोडली. आता नाव टाइप करायचं नाही, निवडायचं. यादीत प्रत्येक नावाशेजारी त्याची एकूण बाकी येते:

```
=SUMIFS('वही'!C:C,'वही'!B:B,A2)-SUMIFS('वही'!D:D,'वही'!B:B,A2)
```

आणि एका बाजूला पडताळणीसाठी एक चौकट ठेवली आहे:

```
=SUM(B2:B50)-(SUM('वही'!C:C)-SUM('वही'!D:D))
```

इथे शून्य दिसलं पाहिजे. शून्य नसेल तर वहीत एखादं नाव असं आहे जे यादीत नाही, किंवा यादीत एखादं नाव दोनदा आलंय. एक गोष्ट मात्र या चौकटीला सापडत नाही: आकड्याला चिकटून "रु." किंवा दुसरं काही अक्षर आलं की तो मजकूर धरला जातो आणि बेरजेत येतच नाही, तरी चौकटीत शून्यच राहतं. ते ओळखायची खूण साधी आहे. रकान्याची मांडणी आपण बदलली नसेल तर आकडा उजवीकडे टेकतो आणि मजकूर डावीकडे. दिले किंवा जमा या रकान्यांत डावीकडे सरकलेलं काही दिसलं की मी तिथे थांबते.

आता खऱ्या नोंदी दाखवते. माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणते. त्याच्या ओळी गाळून घेतल्या तर अशा दिसतात:

| तारीख | दिले | जमा | कसे | तपशील | बाकी |
|---|---|---|---|---|---|
| ५ मार्च | २०,००० | | बँक | घराच्या अनामतीसाठी | २०,००० |
| २ मे | | ५,००० | बँक | | १५,००० |
| १९ जून | ८,००० | | बँक | गाडीच्या दुरुस्तीचे, थेट गॅरेजवाल्याला | २३,००० |
| ३० जुलै | | ३,५०० | परस्पर | माझं तिकीट दादाने काढलं | १९,५०० |
| १० सप्टेंबर | | १०,००० | रोख | | ९,५०० |

सप्टेंबरमध्ये दहा हजार हातात देताना तो म्हणाला, "आता दीडच हजार राहिले ना गं तुझे?" माझ्या वहीत साडेनऊ हजार होते. अशा वेळी कोण बरोबर याची चर्चा करण्यात अर्थ नसतो, आधी फरक काढायचा. फरक बरोबर ८,००० चा. मग नेमक्या तेवढ्याच रकमेची ओळ शोधायची. ती १९ जूनची निघाली. पैसे त्याच्या हातात आलेच नव्हते, मी परस्पर गॅरेजवाल्याला पाठवले होते, त्यामुळे त्याच्या हिशोबात ते उसने म्हणून बसलेच नाहीत. मी त्याला तपशील आणि तारीख वाचून दाखवली. तो लगेच म्हणाला, "हो की! ते तूच भरले होतेस." आवाज चढवायची वेळच आली नाही.

तेवढ्याच रकमेची ओळ सापडली नाही तर फरकाच्या निम्म्या रकमेची ओळ बघते. परत आलेले ४,००० जमाऐवजी दिले या रकान्यात पडले तर बाकी ८,००० ने चुकते, कारण ते वजा व्हायचे ते राहिलेच आणि वर मिळवलेही गेले. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक शेजारचे दोन अंक उलटे पडलेले असतात. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक ९०० चा येतो. हिशोबनिसांची ही जुनी युक्ती आहे आणि घरगुती वहीतही तितकीच कामाला येते.

तिकिटाची ओळ मला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्या माणसांमध्ये पैसे नेहमी पैशांच्याच रूपात परत येत नाहीत. कोणी आपलं बिल भरतं, कोणी वस्तू आणून देतं. त्याच दिवशी विचारायचं, "हे त्यातून वळते करू का?" हो म्हटलं तर जमा रकान्यात ओळ आणि कसे रकान्यात "परस्पर". नाही म्हटलं तर ती भेट, ती वहीत येतच नाही. हे विचारायचं राहिलं की महिन्याभराने दोघांच्या डोक्यात दोन वेगळी उत्तरं तयार होतात.

सोडून दिलेले पैसेही मी असेच लिहिते. एका मैत्रिणीकडे २,००० राहिले होते. तिची परिस्थिती मला माहीत होती आणि ते परत नकोत असं मी मनाशी ठरवलं. तिची ओळ पुसली नाही. जमा रकान्यात २,००० आणि कसे रकान्यात "सोडले". बाकी शून्य झाली, आणि खरंच किती पैसे परत आले ते बघायचं असेल तेव्हा "सोडले" आणि "परस्पर" वगळून बेरीज करता येते. तिलाही तसं सांगून टाकलं, कारण शीटमध्ये शून्य झालं तरी तिच्या मनावर ओझं राहिलं असतं.

उशिरा आठवलेली नोंद मी मध्ये घुसवत नाही. शेवटच्या ओळीत, पण खऱ्या तारखेने लिहिते. मधल्या बाक्या त्यामुळे लिहिण्याच्या क्रमाने दिसतात, तारखेच्या नाही. शेवटची बाकी बरोबरच येते.

कोणाला हिशोब पाठवायचा असेल तर वहीची लिंक कधीच देत नाही, कारण एकाची अडचण दुसऱ्याला दिसता कामा नये. नावाच्या रकान्याला फिल्टर लावते, त्याच्या ओळींचं चित्र काढते आणि तेवढंच पाठवते. यादी वेगळ्या टॅबवर ठेवण्याचं एक कारण हेही आहे. ती वहीच्याच शेजारी असती तर फिल्टर लावताच तिच्याही ओळी लपल्या असत्या आणि चित्रात इतरांची नावं डोकावली असती.

दादाचे साडेनऊ हजार पुढे तीन हप्त्यांत आले. हप्ता आला की मी ओळ लिहिते आणि त्याला एकच वाक्य पाठवते: "दादा, ३,००० मिळाले, आता ६,५०० राहिले." तो अंगठा पाठवतो. दोघांचा आकडा एकच असल्याची तेवढी खूण मला पुरते. रोखीच्या व्यवहारात तर हा मेसेज मी चुकवतच नाही, कारण त्याचा दुसरा कुठलाच पुरावा नसतो.

चार जणांनी मिळून केलेला खर्च मी या वहीत आणत नाही. त्यात कोणाचा वाटा किती याची वाटणी आधी करावी लागते, ते वेगळं काम आहे. वाटणी होऊन एखाद्याकडे नक्की रक्कम निघाली, तरच तेवढी एक ओळ इथे येते.